घड्याळावरून स्लाइड अडतात, मग एकदम पळतात: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

घरी टेबलावर लॅपटॉप ठेवून मनगटावरच्या स्मार्ट घड्याळावर टॅप केलं की स्लाइड झकास सरकते. हॉलमध्ये माणसं बसली, बोलणारा लॅपटॉपपासून दहा-बारा मीटर लांब गेला, की तेच घड्याळ ऐकेनासं होतं. सातारा-सांगलीकडच्या मंगल कार्यालयांत, शाळांच्या सभागृहांत आणि बागायतदारांच्या चर्चासत्रांत हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते. बहुतेक वेळा दोष घड्याळात नसतो आणि पैसेही लागत नाहीत. मात्र तो नेमका कसा अडतो हे आधी नीट बघावं लागतं, कारण लक्षणातच कारण दिसतं.

आधी लक्षण ओळखा

पहिलं लक्षण: टॅप हरवतो. टॅप केलं, काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा केलं, तेव्हा स्लाइड एकच सरकली. पहिला टॅप कुठे गेला याचा पत्ता नाही. एखाद्या स्लाइडवर दोन-चार मिनिटं बोलून झाल्यावर हे हमखास होतं.

दुसरं लक्षण: टॅप अडतो आणि मग पळतो. टॅप केल्यावर दोन-तीन सेकंद शांतता, म्हणून पुन्हा टॅप केलं, आणि मग दोन किंवा तीन स्लाइड एकदम पुढे गेल्या. लॅपटॉपजवळ आलं की सगळं ठीक.

तिसरं: घड्याळावर ‘जोडलेलं’ दिसतं, पण कितीही टॅप करा, स्लाइड ढिम्म हलत नाही.

चौथं गाणी किंवा व्हिडिओ चालवणाऱ्यांचं: घड्याळ लॅपटॉपला जोडलं आणि हॉलच्या स्पीकरचा आवाज बंद पडला. तो मनगटावरून बारीक येऊ लागला.

पहिल्या दोन लक्षणांत लोक फार गल्लत करतात, म्हणून तेवढं इथेच स्पष्ट करतो. ब्लूटूथवरून गेलेली कळ पोहोचली नाही तर घड्याळ ती परत परत पाठवत राहतं. त्यामुळे सिग्नल कमजोर असला तरी कळ सहसा गायब होत नाही, तिला उशीर होतो. उशीर झाला म्हणून माणूस पुन्हा टॅप करतो आणि साचलेल्या कळा एकत्र येऊन आदळतात. म्हणून ‘अडतो आणि पळतो’ म्हणजे सिग्नलची भानगड. टॅप कायमचा हरवत असेल तर सिग्नलमागे लागू नका, तो घड्याळातून बाहेरच पडलेला नसतो.

पहिली तपासणी: लॅपटॉपचीच बाणाची कळ दाबा

फुकट आणि दहा सेकंदांची. स्लाइड अडली की कुणाला तरी लॅपटॉपवरची उजव्या बाणाची कळ एकदा दाबायला सांगा. त्यानेही स्लाइड हलली नाही, तर घड्याळाला हात लावायचं कारण नाही.

स्लाइडसाठीचं घड्याळ लॅपटॉपच्या दृष्टीने एक छोटा कीबोर्ड असतो. कीबोर्डची कळ कायम समोरच्या, म्हणजे शेवटी क्लिक केलेल्या खिडकीला जाते. प्रोजेक्टरवर पॉवरपॉइंट दिसत असलं तरी लॅपटॉपच्या पडद्यावर अपडेटची खिडकी, अँटिव्हायरसची सूचना किंवा मेसेजिंग ॲपवर आलेला कॉल पुढे आलेला असू शकतो. प्रोजेक्टर लावून पडदे वेगवेगळे ठेवले असतील तर प्रेक्षकांना ती खिडकी दिसतही नाही, आणि कळा तिकडेच जात राहतात.

उपाय: `Alt+Tab` दाबून स्लाइड शो पुढे आणा. तो बंदच पडला असेल तर `Shift+F5` दाबा, म्हणजे आहे त्या स्लाइडपासून शो परत सुरू होतो. नुसतं `F5` दाबलं तर पहिल्या स्लाइडवर जाल. कार्यक्रमाआधी मेसेजिंगची ॲप्स पूर्ण बंद करा आणि विंडोजमधलं `Do not disturb` स्वतः चालू करा.

घड्याळातल्या ॲपमध्ये टचपॅडचा पर्याय असतो, त्याकडेही लक्ष ठेवा. तो चालू असला की टॅप म्हणजे माउसची क्लिक होते. माउसचा बाण दुसऱ्या पडद्यावर उभा असेल तर क्लिक तिकडे पडते आणि तिथून पुढे सगळ्या कळा चुकीच्या खिडकीला जातात. नुसत्या स्लाइड सरकवायच्या असतील तर टचपॅडला हात लावू नये.

ब्राउझरमधून स्लाइड दाखवत असाल तर शो सुरू केल्यावर एकदा स्लाइडवरच क्लिक करा. पत्त्याच्या पट्टीत कर्सर राहिला तर बाणाची कळ तिथेच फिरत बसते.

दुसरी तपासणी: घड्याळाचा पडदा झोपतोय का

पहिल्या लक्षणाचं कारण जवळपास नेहमी इथेच सापडतं. घड्याळ काही सेकंदांत पडदा मंद करतं. मंद पडद्यावरचा पहिला टॅप फक्त जागं करण्यात खर्च होतो, कळ दुसऱ्या टॅपला जाते.

वेअर ओएसच्या, म्हणजे घड्याळासाठीच्या अँड्रॉइडवर चालणाऱ्या, घड्याळांत याहून खोल गोष्ट आहे. अँड्रॉइडच्या ९ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, कुठल्याही ॲपला ब्लूटूथ कीबोर्ड बनता येतं. अट एवढीच की ते ॲप समोर उघडं हवं. घड्याळ ॲप सोडून वेळेच्या तबकडीवर गेलं की यंत्रणा त्या ॲपचं कीबोर्डपण काढून घेऊ शकते आणि लॅपटॉपशी असलेली जोडणी तुटते. ॲप परत उघडल्यावर ती नव्याने जुळेपर्यंत काही सेकंद जातात. बोलणाऱ्याला वाटतं रेंज गेली. प्रत्यक्षात घड्याळ दोन मिनिटांपूर्वीच कीबोर्ड असायचं थांबलेलं असतं.

म्हणून घड्याळाच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी करा. पडदा बंद होण्याची वेळ मिळेल तेवढी जास्त ठेवा. आणि पडदा जागा झाल्यावर तबकडीऐवजी शेवटचं ॲप दिसावं असा पर्याय असतो, तो चालू करून त्याची मुदत वाढवा. बॅटरी वाचवण्याचा मोड बंद हवा, कारण तो या दोन्हींवर पाणी फिरवतो. कार्यक्रमाला घड्याळ निम्म्याहून जास्त चार्ज असू द्या, चालू पडदा बॅटरी भराभर खातो.

तपासायचं असं: ॲप उघडून एक स्लाइड सरकवा, हात खाली सोडा, घड्याळाकडे न बघता तीन मिनिटं थांबा, मग एकदाच टॅप करा. स्लाइड सरकली तर ही तपासणी पार. नाही सरकली तर रेंजचा विचार करण्याआधी हेच दुरुस्त करा.

शर्टाची बाही पडद्यावर घासली तर न मागता स्लाइड सरकते. ओल्या किंवा घामेजल्या बोटाचा टॅप लागत नाही, किंवा दोनदा लागतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखालच्या सभेत याचा त्रास होतोच. बाही दुमडा, बोट पुसा, आणि ॲपमध्ये फिरत्या कडेने किंवा बाजूच्या बटणाने स्लाइड सरकवायची सोय असेल तर ती वापरा.

तिसरी तपासणी: घड्याळ कळ पाठवतंय की गाण्याचा हुकूम?

तिसऱ्या आणि चौथ्या लक्षणाचं मूळ इथे आहे. बाजारात दीड-दोन हजारांना मिळणाऱ्या बहुतेक घड्याळांत ‘म्युझिक कंट्रोल’ असतं. लोक ते लॅपटॉपला जोडतात आणि ‘पुढचं गाणं’चं बटण दाबून स्लाइड सरकेल अशी वाट बघतात. ती सरकणार नाही. पॉवरपॉइंटला पुढे जायला बाणाची कळ, `Page Down`, स्पेस किंवा एंटर लागते. ‘पुढचं गाणं’ हा वेगळाच हुकूम आहे आणि तो गाणी-व्हिडिओ वाजवणाऱ्या प्रोग्रामसाठी असतो. हे सेटिंगने बदलत नाही. स्लाइडसाठी ब्लूटूथ कीबोर्ड होऊ शकणारं घड्याळ आणि तसं ॲपच लागतं, उदाहरणार्थ गॅलक्सी वॉचवरचं `PPT Controller`. ॲपल वॉच लॅपटॉपचा असा थेट कीबोर्ड होत नाही, ते आयफोनवर चालू असलेलं सादरीकरण पुढे-मागे करतं. त्यामुळे तिथे प्रोजेक्टरला आयफोन जोडावा लागतो.

आवाज पळण्याचं कारणही सरळ आहे. कॉल घेता येणारी स्वस्त घड्याळं लॅपटॉपला हेडसेट म्हणून दिसतात. हेडसेट जोडला की विंडोज आवाज तिकडे वळवतं, म्हणून हॉल शांत होतो. लॅपटॉपच्या पडद्यावर खालच्या पट्टीतल्या स्पीकरच्या खुणेवर क्लिक करून आवाजासाठी लॅपटॉपचा किंवा एचडीएमआयचा पर्याय परत निवडा. तुटून पुन्हा जोडलं की तेच परत होतं, म्हणून स्नेहसंमेलनासारख्या मोठ्या कार्यक्रमात हा रस्ता धरू नये.

गाणी-व्हिडिओसाठी जास्त खात्रीचा रस्ता फोनमधून जातो. लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन दोन्हींवर `KDE Connect` हे ॲप टाका, दोन्ही एकाच वायफायवर आणा आणि जोडा. लॅपटॉपवर चालू असलेला व्हिडिओ मग फोनवर एखाद्या गाण्यासारखा दिसतो, आणि घड्याळाचं म्युझिक कंट्रोल फोनवर जे दिसतं तेच चालवतं. यात घड्याळ फोनला जोडलेलं राहतं, म्हणून लॅपटॉपचा आवाज हलत नाही. फोन खिशात असल्याने घड्याळाच्या अंतराचाही प्रश्न उरत नाही.

या रस्त्यावर तीन ठिकाणी अडतं. कार्यालयाच्या पाहुण्यांच्या वायफायवर उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत, तिथे फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्यावर घ्या. त्यासाठी इंटरनेट चालू असायची गरज नाही. दुसरं, विंडोजमध्ये ते नेटवर्क `Private network` म्हणून निवडलेलं हवं, नाहीतर फायरवॉल अडवते. हे ॲप १७१४ ते १७६४ ही पोर्टं वापरतं, ऑफिसच्या लॅपटॉपवर ती बंद असतील तर तिथल्या संगणक विभागालाच सांगावं लागेल. तिसरं, व्हीएलसीच्या ३ क्रमांकाच्या आवृत्त्या विंडोजला ‘मी गाणं वाजवतोय’ असं कळवत नाहीत, त्यामुळे तो व्हिडिओ फोनवर दिसतच नाही. तोच व्हिडिओ विंडोजच्या `Media Player` मध्ये उघडून बघा.

चौथी तपासणी: अंतर, अंग आणि अडथळा

‘अडतो आणि पळतो’ असेल तर इथे वेळ द्या. आधी घरीच एक चाचणीची फाइल करून ठेवा: २५ कोऱ्या स्लाइड, प्रत्येकीवर मोठ्या अक्षरात फक्त १ ते २५ हा आकडा, एकही ॲनिमेशन नाही. आपल्या खऱ्या स्लाइडवर चाचणी घेऊ नका, कारण तिथे एका टॅपला नुसती एक ओळ आत येत असते आणि मोजणी चुकते.

हॉलमध्ये पहिल्या स्लाइडवर उभं राहून दर दोन सेकंदांनी एक, असे बरोबर २० टॅप करायचे. आकडा २१ वर थांबला पाहिजे, आणि प्रत्येक टॅपला लगेच बदलला पाहिजे. आधी एका मीटरवरून, मग बोलण्याच्या जागेवरून लॅपटॉपकडे तोंड करून, मग त्याच जागेवर पाठ फिरवून. आकडा २१ वर आला पण अडखळत आला, तर सिग्नल. आकडा २१ च्या आत राहिला आणि थांबूनही पुढे गेला नाही, तर परत दुसऱ्या तपासणीकडे जा.

आता एक प्रसंग धरून चालू. ऑक्टोबर छाटणीच्या आधी तासगावकडच्या एका कार्यालयात द्राक्ष बागायतदारांचं चर्चासत्र आहे. लॅपटॉप स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात, लोखंडी स्टँडच्या खालच्या कप्प्यात ठेवलाय. सादरीकरण पेनड्राइव्हवरूनच उघडलंय आणि पेनड्राइव्ह तसाच लावलेला आहे. बोलणाऱ्याच्या डाव्या मनगटावर घड्याळ. डाउनी रोग पडलेल्या पानाचा फोटो दाखवताना तो खाली उतरून पहिल्या रांगेपर्यंत, साधारण बारा मीटरवर जातो. नेमकं तिथेच अडतं आणि पुढच्या फवारणीच्या तक्त्यावर उडी बसते.

एका मीटरवरून आकडे सरळ जातात. बारा मीटरवरून, लॅपटॉपकडे तोंड असताना, चार-पाच टॅपना सेकंदभर उशीर. पाठ फिरवली की निम्मे टॅप साचून येतात. याचा अर्थ घड्याळ आणि लॅपटॉप दोन्ही ठीक आहेत, मधलं काहीतरी सिग्नल खातंय.

सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे बोलणाऱ्याचं स्वतःचं अंग. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि त्या लहरी पाणी शोषून घेतं. माणसाचं शरीर बहुतांश पाणीच. घड्याळाचा अँटेना नखाएवढा आणि तोही मनगटाला चिकटलेला. खोक्यावर लिहिलेले दहा मीटर मोकळ्या जागेतले असतात, अंग मध्ये आलं की ते भराभर कमी होतात. लॅपटॉप उजवीकडे असेल तर घड्याळ उजव्या हातात घाला. हा उपाय फुकट आहे आणि बऱ्याच वेळा इथेच काम भागतं. टॅप करताना हात छातीसमोर उचलायची सवय लावली तर आणखी बरं.

दुसरं, लॅपटॉप लोखंडातून बाहेर काढा. पत्रा सिग्नल अडवतो आणि बाजूला फेकतो. लाकडी टेबलावर, कमरेच्या वर ठेवा. अनेक लॅपटॉपमध्ये अँटेना पडद्याच्या चौकटीत असतो, म्हणून झाकण पूर्ण उघडं असू द्या.

तिसरं कारण फार कमी जणांना सुचतं: पेनड्राइव्ह. यूएसबी ३ ची उपकरणं आणि केबली चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात गोंगाट सोडतात, हे इंटेलने २०१२ मध्ये मोजून मांडलं होतं. निळ्या जिभेच्या पोर्टात लावलेला स्वस्त पेनड्राइव्ह किंवा हब लॅपटॉपच्या अँटेनाशेजारी बसला की लांबचा बारीक सिग्नल त्या गोंगाटात बुडतो. फाइल लॅपटॉपवर कॉपी करा, तिथूनच उघडा आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा. तसंही पेनड्राइव्ह मध्येच कुणी काढला तर शो अडकतो, म्हणून ही सवय दोन्ही अंगांनी चांगली.

वरच्या प्रसंगात या तिन्ही गोष्टी एकेक करून बदलायच्या आणि दरवेळी २० टॅप मोजायचे. सगळं एकदम बदललं तर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही, आणि पुढच्या गावी तीच डोकेदुखी नव्याने सुरू होते. आधी हात बदला, मग लॅपटॉप टेबलावर आणा, मग पेनड्राइव्ह काढा. पाठ फिरवूनही आकडा अडखळत नसेल तिथे थांबा.

रिकाम्या हॉलमधल्या चाचणीवर मात्र पूर्ण विसंबू नका. दोनशे माणसं बसली की दोनशे अंगं सिग्नल शोषतात आणि तेवढेच फोन त्याच पट्ट्यात बोलत असतात. रिकाम्या हॉलमध्ये बारा मीटरवर जेमतेम चाललं तर भरल्या हॉलमध्ये चालणार नाही असं धरूनच लॅपटॉप जवळ आणा. लांब एचडीएमआय केबल घेऊन लॅपटॉप बोलणाऱ्याच्या चार-पाच मीटरांत आणला तर बाकीच्या खटपटी कराव्याच लागत नाहीत. शक्य असेल तिथे मी हाच उपाय सगळ्यांत आधी सुचवेन. लॅपटॉप वायफायवर ठेवणं गरजेचंच असेल तर ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर घ्या, म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथची ओढाताण होत नाही.

पाचवी तपासणी: लाइट गेल्यानंतर बिघडतंय का

आपल्याकडे हे वेगळं सांगायला हवं. लाइट जाते, इन्व्हर्टर किंवा जनरेटर चालू होईपर्यंत प्रोजेक्टर बंद पडतो आणि परत सुरू होतो. लॅपटॉप बॅटरीवर चालूच असतो, पण त्याच्या दृष्टीने एक पडदा गेला आणि पुन्हा आला. या गडबडीत खिडक्या जागा बदलतात आणि स्लाइड शो मागे पडतो. लक्षण तिसऱ्यासारखं दिसतं आणि सगळे घड्याळाला दोष देतात. इथे पहिली तपासणीच परत करायची: `Alt+Tab`, नाहीतर `Shift+F5`.

दुसरा भाग वीज वाचवण्याचा. चार्जर नसताना विंडोज ब्लूटूथला मध्ये मध्ये झोपवू शकतं. `Win+R` दाबून हे टाका:

```
devmgmt.msc
```

`Bluetooth` खाली आपल्या लॅपटॉपच्या ब्लूटूथ कार्डाचं नाव शोधून त्यावर दोनदा क्लिक करा. `Power Management` मध्ये `Allow the computer to turn off this device to save power` समोरची खूण काढा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा भागच दिसत नाही, मग तो शोधत बसू नका. कार्यक्रमभर चार्जर लावून ठेवा आणि `Energy saver` किंवा `Battery saver` बंद ठेवा.

फोनमार्गे व्हिडिओ चालवत असाल तर लाइट गेल्यावर कार्यालयाचा राउटर बंद होऊन परत सुरू व्हायला वेळ घेतो. तोवर फोन आणि लॅपटॉप वेगळे पडतात. फोनचा हॉटस्पॉट वापरण्याचं हे आणखी एक कारण.

सहावी तपासणी: जोडणी पुसून नव्याने करा

यात वेळ जातो आणि चुकलं तर आहे तेही बिघडतं, म्हणून इतक्या खाली ठेवलंय. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी करा, चालू कार्यक्रमात मुळीच नको. घड्याळ जोडलेलं दिसतं, बाणाची कळ चालते, एका मीटरवरूनही घड्याळाने काहीच हलत नाही, अशा वेळीच इथे या.

चूक बहुधा पहिल्या जोडणीत झालेली असते. घड्याळाच्या सेटिंगमधून ते आधी लॅपटॉपला जोडलं जातं आणि ॲप नंतर उघडलं जातं. जोडताना लॅपटॉप विचारतो, ‘तुला काय काय येतं?’ ॲप बंद असल्याने ‘कीबोर्ड’ हे उत्तरच येत नाही. लॅपटॉप तेच लक्षात ठेवतो, आणि पुढे ॲप उघडलं तरी कळा घेत नाही.

म्हणून आधी लॅपटॉपवर ब्लूटूथच्या यादीतून घड्याळ `Remove device` ने काढा. घड्याळातूनही लॅपटॉपचं नाव पुसा. एकाच बाजूने पुसलं तर दोघांकडच्या किल्ल्या जुळत नाहीत आणि जोडणी लागून लगेच तुटते. मग लॅपटॉप `Restart` करा. नुसतं `Shut down` करून चालू केल्यावर विंडोज बऱ्याचदा जुनी अवस्थाच परत उचलतं, `Restart` मध्ये तसं होत नाही. आता घड्याळात स्लाइडचं ॲप उघडा, ते उघडंच ठेवून ॲपमधूनच जोडणी सुरू करा, आणि दोन्हींकडे दिसणारा आकडा सारखा आहे ना ते बघून मान्यता द्या. जोडणी लागेपर्यंत घड्याळाचा पडदा झोपू देऊ नका.

हे एकदा नीट केल्यावर पुन्हा करायची गरज पडू नये. दर कार्यक्रमाला जोडणी पुसावी लागत असेल तर दोष लॅपटॉपच्या ब्लूटूथमध्ये आहे, पुढे बघा.

सातवी: वेगळा डोंगल

इथे पहिल्यांदा पैसे लागतात. यूएसबीचा ब्लूटूथ डोंगल साधारण पाचशे ते आठशे रुपयांना मिळतो. त्याचा खरा उपयोग जागेत आहे. मीटरभर लांबीच्या यूएसबी केबलने तो स्टँडच्या वर, उघड्यावर आणता येतो. विंडोज एका वेळी एकाच ब्लूटूथ कार्डावर चालतं, म्हणून `devmgmt.msc` मध्ये आतलं कार्ड `Disable device` करा, मग डोंगल लावा. जुनी जोडणी आतल्या कार्डाच्या पत्त्यावर केलेली असते, त्यामुळे घड्याळ पुन्हा सहाव्या तपासणीप्रमाणे जोडावं लागेल.

डोंगल लावल्यावर सगळं सुरळीत झालं तर आतलं कार्ड किंवा त्याचा अँटेना कमजोर आहे हेही त्यातून कळतं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

लॅपटॉप दुरुस्तीला उघडून आल्यापासून ब्लूटूथची रेंज हातभर उरली असेल, तर आत अँटेनाची वायर कार्डापासून सुटलेली असण्याची शक्यता मोठी. ती टाचणीच्या डोक्याएवढ्या गोल खटक्यावर बसते. चिमट्याने वाकडी दाबली तर कार्डावरचा खटकाच उखडतो आणि कार्ड बदलावं लागतं. स्वतः उघडू नका. ज्याने उघडलं त्याच्याकडेच न्या आणि नेमकं सांगा: ‘डोंगल लावल्यावर बारा मीटर चालतं, आतल्या ब्लूटूथवर एक मीटर.’ एवढं एक वाक्य त्याचा अर्धा तास वाचवतं.

`devmgmt.msc` मध्ये ब्लूटूथचं नावच दिसत नसेल, किंवा त्यावर पिवळी खूण येऊन `Code 43` दिसत असेल, तर एकदा `Restart`, एकदा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर, आणि तिथेच थांबा. इकडून तिकडून मिळालेली ड्रायव्हर टाकणारी सॉफ्टवेअर वापरू नका, त्यात वायफायही जातं.

शाळेचा, बँकेचा किंवा सरकारी कार्यालयाचा लॅपटॉप असेल आणि ब्लूटूथची सेटिंग बंद करून ठेवलेली दिसली, तर ती मुद्दाम केलेली असते. तिथल्या संगणक बघणाऱ्या माणसाकडूनच उघडून घ्या.

घड्याळाची मागची बाजू फुगली असेल, काच कडेने उचलली गेली असेल किंवा चार्ज होताना ते हाताला चटका देत असेल, तर ते मनगटावरून काढा, चार्जिंगला लावू नका आणि सर्व्हिस सेंटरला न्या. तिथे स्लाइडचा प्रश्नच उरत नाही.

आणि कार्यक्रम चालू असताना पहिल्या दोन तपासण्यांत सुटलं नाही, तर पुढच्या तपासण्या तेव्हा सुरू करू नका. लॅपटॉपजवळ एक माणूस बसवा. स्लाइड चुकीची गेली तर त्याने हव्या त्या स्लाइडचा आकडा टाइप करून एंटर दाबायचं, पॉवरपॉइंट थेट तिथे जातं. मधेच पडदा काळा हवा असेल तर `B`, आणि परत आणायला पुन्हा `B`. त्या माणसाच्या हातात स्लाइडच्या क्रमांकांची कागदावर छापलेली यादी मात्र आधीच द्या.